आहरणाच्या रकान्यातले दोन हजार

बँकेत छत्तीस वर्षं काढली आणि नव्या पोरांना मी एकच गोष्ट ओरडून ओरडून शिकवली. पासबुक वाचताना रकान्याच्या मथळ्यावर भरवसा ठेवू नका, शिल्लक पाहा. छापणारं मशीन दारू प्यायल्यासारखं कुठेही सरकतं. जमा झालेले पैसे 'आहरण' लिहिलेल्या, म्हणजे काढलेल्या पैशांच्या, रकान्यात छापतं आणि वर शहाजोगपणे गप्प बसतं. शिल्लक मात्र लपवता येत नाही. वाढली तर पैसे आले, घटली तर गेले. इतकं साधं. आणि हेच मी स्वतः विसरलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मी श्यामकांत. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात राहतो, एकटा. बायको प्रेमला गेली त्याला सात वर्षं झाली. मुलगा शेखर नव्या रायपुरात, मंत्रालयात नोकरीला आहे. छत्तीसगडची राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, पण त्याच्या सेक्टरापासून माझ्या घरापर्यंतचे पंचवीस किलोमीटर काही कमी झाले नाहीत. सणाला येतो. नातू पियुषला मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो. मी विचारतो, "जेवलास का रे?" तो म्हणतो, "हां दादाजी, खा लिया." माझ्या मराठीला घरात उत्तर मिळत नाही, आणि याचा मला राग येतो. रागापेक्षा जास्त वाईट वाटतं.

मराठीत उत्तर यायचं ते फक्त महिन्यातून एकदा, अभनपुरहून, कांताबाईचं.

माझी शेवटची पाच वर्षं अभनपुरच्या शाखेत गेली. कांताबाईचे यजमान देवीदास रेल्वेत होते, ते वारल्यावर तिच्या पेन्शनचे कागद मीच पुरे केले. तेव्हापासून मी तिचा बाबूजी. तिला एकच मुलगा, प्रफुल्ल. दोन-तीन नोकऱ्या धरल्या, सोडल्या, घरी बसला. एक दिवस ही शेजाऱ्यांसमोर त्याला म्हणाली, "तुह्या पोटाचं तूच पाय, मले नाही पोसनं होत." तो जेवणाच्या ताटावरून उठला, तो गेलाच. खिशात एटीएम कार्ड होतं, पासबुक घरी राहिलं. फोन बंद.

२०१६च्या एप्रिलपासून ती दर महिन्याला आपल्या पेन्शनमधून दोन हजार त्याच्या खात्यात टाकायला लागली. मला म्हणाली, "त्यानं काढले की समजंन, पोरगा आहे. अन् त्यालेबी समजंन का माय बोलली ते खरं नव्हतं."

मे महिन्यात तिनं पैसे भरले, प्रफुल्लचं पासबुक छापून घेतलं आणि पुतणी चेतनानं त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो कसला, आनंदीआनंदच होता. त्या शाखेच्या प्रिंटरची रिबन मी असल्यापासून वाळलेली. अक्षरं म्हणजे विरळ ठिपके. मोबाईलचा फ्लॅश पानावर पडून उजवी बाजू पांढरीधोप झालेली. वरच्या ओळीत 'जमा'खाली दोन हजार. खालची ओळ डावीकडे सरकलेली, तारखेचा अर्धा भाग पानाबाहेर, तपशिलात फक्त 'कॅश' कळत होतं, आणि 'आहरण'खाली स्पष्ट दोन हजार.

मी फोन लावून म्हणालो, "कांताबाई, काढले त्यानं!"

ती आधी रडली. मग हसली, मग चेतनाला हाका मारू लागली. तासभर बोलत होतो. प्रफुल्लला लहानपणी काय आवडायचं, देवीदास कसे त्याला खांद्यावर घेऊन लाइनीवर जायचे, सगळं. मीही प्रेमलाबद्दल बोललो. ती गेल्यापासून कोणाजवळ बोललो नव्हतो.

फोन ठेवल्यावर डोक्यात आलं: एप्रिलचे जमा दिसले, आज भरलेले मेचे कुठे आहेत? फोटो मोठा केला, उजेड कमी केला. चकाकीच्या कडेला 'जमा' आणि 'शेष', म्हणजे शिल्लक, यांच्या मधल्या रेघेवर पुसट आकडा होता. ४,३४०. वरच्या ओळीची शिल्लक २,३४०. म्हणजे वाढली होती. खालची ओळ सबंधच एक रकाना डावीकडे छापली गेली होती. ते दोन हजार म्हणजे तिनेच त्या दिवशी भरलेले पैसे. प्रफुल्लनं छदामही काढला नव्हता.

फोन उचलला होता मी. पण तिचं ते हसणं कानात होतं. उद्या सांगू म्हटलं. उद्या तिचाच फोन आला, "बाबूजी, सारं मोहल्ल्यात सांगून टाकलं मी!" मग परवाही गेला.

आणि खरं सांगायचं तर दया वगैरे अर्धीच होती. अर्धा मी लोभी झालो होतो. पैसे काढले म्हटलं की ती तासभर बोलायची. एक खोटं लपवायला दुसरं लागतं. मी दर महिन्याला एक बोललो. प्रिंटर तसाच वाकडा छापत राहिला, दोन हजार 'आहरण'खाली पडत राहिले, आणि चेतनानंही मथळा वाचून मान डोलावली. अठरा महिने.

मग चेतनाचं स्वतःचं खातं उघडलं. नोव्हेंबरात कांताबाईचा फोन आला.

"बाबूजी, चेतना म्हणते, एटीएममधून काढले का जागेचं नाव छापते म्हणून. खरं आहे काय?"

"छापतात कधी कधी."

"मंग पाहून सांगा ना कोनतं गाव. मी जातो त्याले आनाले. पिशवी भरून ठेवली मी."

 एखाद्या गावाचं नाव ठोकून देणं काही अवघड नव्हतं. पण बासष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, कुठल्या तरी स्टेशनवर पोराचा फोटो दाखवत फिरली असती. मी सांगून टाकलं. रकाना सरकलाय, शिल्लक वाढतेच आहे, एकोणचाळीस हजारांवर गेली आहे.

"म्हंजे त्यानं एक पैसाबी नाही काढला?"

"नाही."

"अन् तुमाले हे कवापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं इतकंच विचारलं, "मंग दोन साल तो काय खाऊन राहिला असंन, बाबूजी?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोटो आला नाही. फोनही नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी मोबाईल चार्जिंगला लावून समोर बसायचो. एकदा शेखरला सहज फोन केला, तो म्हणाला, "बाबा, मीटिंग में हूं." मी म्हटलं, असू दे.

जूनमध्ये चेतनाचा मेसेज आला, हिंदीत. काकीला न सांगता पाठवते आहे. काकी दर महिन्याला पैसे भरतेच, पण पासबुक आता बघतही नाही. या वेळी 'जमा'खाली कुणीतरी पाचशे टाकलेले दिसतात, ते कोणी टाकले?

फोटो उघडला. एप्रिलच्या ओळीत शिल्लक ५१,८१६. त्याखालच्या दोन ओळी या खेपेला उजवीकडे सरकलेल्या. पहिलीत 'जमा'खाली पाचशे, दुसरीत 'शेष'खाली दोन हजार, आणि त्यांच्या खऱ्या शिलका पानाच्या कडेबाहेर अर्ध्या तुटलेल्या. शेवटची, जूनची ओळ मात्र जागेवर होती: जमा २,०००, शिल्लक ५५,३१६. शेवटचा आकडा शाबूत असला की खालून वर जायचं. पंचावन्न हजार तीनशे सोळातून जूनचे दोन हजार वजा, त्रेपन्न हजार तीनशे सोळा. त्यातून मेचे दोन हजार वजा, एक्कावन्न हजार तीनशे सोळा. एप्रिलला होते एक्कावन्न हजार आठशे सोळा.

पाचशे कमी. कोणी टाकले नव्हते, काढले होते. फोटो वाकडा करून, मोठा करून तपशील लावला. ठिपके जोडत जोडत 'एटीएम' लागलं आणि शेवटी 'दुर्ग', रायपुराजवळचंच शहर.

वजाबाकी मी पाच वेळा केली. कागदावर केली, कॅल्क्युलेटरवर केली. मग हे फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं आणि अभनपुरची बस धरली.

कांताबाई अंगणात तांदूळ निवडत होती. वाळली होती. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. मी पासबुक मागून घेतलं, पान तिच्यासमोर धरलं, पेन्सिलीनं एकेक ओळ दाखवली. 

"कांताबाई, प्रफुल्लनं पाचशे काढले. मे महिन्यात. दुर्गात आहे तो."

तिनं पानाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"दुर्ग तं हे काय, हाकेवर आहे. तिथं असता तं दोन सालात एक डाव आला नसता काय घरी?"

"लाज वाटत असेल त्याला. पण हे खरं आहे. पाहा, शिल्लक कमी झाली."

"मागंबी असंच सांगितलं होतं तुमी."

"तेव्हा खोटं बोललो. आता खरं बोलतोय, शपथ घेऊन सांगतो."

तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "बाबूजी, तुमाले घरी बोलाले कोनी नाही, हे मले समजते. तुमी फोन करत जा. मी बोलत जाईन, मनात नाही ठेवलं मी काही. पन माह्या पोराचं नाव नका घेऊ आता. मले दुसऱ्या डाव नाही सोसनं होत."

"बँकेत चला माझ्यासोबत," मी जवळजवळ ओरडलोच. "आत्ता चला. काउंटरवर अनुश्री बसते, कम्प्युटरवर काढून दाखवेल. माझ्यावर नको, तिच्यावर तर विश्वास ठेवाल?"

कांताबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तिले तुमीच शिकवलं ना काम?" ती म्हणाली. "तिलेबी सांगूनच आले असान."