मागचा गाळा

गणिताचे निवृत्त मास्तर प्लॉटच्या चारी बाजूंच्या कुंपणाचा हिशेब घरूनच पक्का करून आले होते. दोन खांबांमधला एक गाळा सात फुटांचा, असे पन्नास गाळे, म्हणून पन्नास खांब. फाटकासाठी लागून असलेले दोन गाळे मोकळे, म्हणजे खांब उरले अठ्ठेचाळीस.

"एकोणपन्नास," सिमेंटचे तयार खांब विकणारी मालकीण म्हणाली. "मधला एकच वाचतो. फाटकाच्या कडेचे दोन्ही हवेतच, नाहीतर भिंतीच्या फळ्या अडकवायच्या कशात?"

मास्तरांचा पारा चढला. जन्मभर पोरांचे कान पिळले, आणि आता हे ऐकायचं! पण बोटांवर मोजलं, तर बोटांनीही मालकिणीचीच बाजू घेतली.

सोबत आलेल्या बायकोने संधी साधली. "मागे, भाऊजींच्या घराकडे, एक गाळा मोकळा ठेवला तर?"

भावाशी वर्षभर अबोला होता. मास्तर ताडकन म्हणाले, "म्हणजे आणखी खांब!"

"एकही नाही," मालकीण म्हणाली. "दोन्हीकडचे खांब आहेतच. उलट त्या गाळ्याच्या सहा फळ्या वाचतील."

मास्तरांनी पुन्हा बोटांवर मोजलं. चूक सापडेना, सापडू नये असंच वाटायला लागलं होतं.

"लिहा सहा कमी," ते गुरगुरले.

"आणि तिथे फाटक केवढं?" मालकिणीने विचारलं.

"फाटक कशाला? भाऊ आहे माझा."