तीन दिवसांत तयार

अनुषा माझी चुलतबहीण, आणि तिचं चॅनल माझ्या डोळ्यांत सलतं, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघी कुंभकोणमलाच कुत्र्यांना शिकवतो. घरात मराठी, कॅमेऱ्यासमोर तमिळ. चॅनल आधी मी काढलं. कॅमेरा कसा धरायचा ते तिला मीच शिकवलं. आणि आज कुत्र्यांच्या खाण्याची कंपनी तिच्या दारात, माझ्याकडे गळपट्ट्यांचं चिल्लर कमिशन. जळू नको तर काय करू?

गेल्या महिन्यात नखं घासायचं मशीन विकणाऱ्या कंपनीचा फोन आला. घाबरट कुत्रा तीन दिवसांत नखं घासून घ्यायला तयार करून दाखवायचा. रक्कम ऐकून मी खुर्चीतून उठलेच. "अनुषा मॅडम नाही म्हणाल्या," तो माणूस बोलून गेला. "किती दिवस ते कुत्रा ठरवेल, म्हणे." मोठी आली शहाणी. तिने सोडलेलं मी उचललं.

माझा कुत्रा कडलै स्वामीमलैच्या बसस्टँडवर सापडलेला. शेंगदाण्याच्या रंगाचा, म्हणून तमिळमधलं कडलै. पंजाला हात लावला की अंग चोरतो. पद्धत मला तोंडपाठ आहे. आधी बंद मशीन नुसतं जमिनीवर ठेवायचं, त्याने हुंगलं की चिकनचा तुकडा. मग ते लांब चालू करायचं, आवाज आला की खाऊ. मग पंजाला हात, मग बंद मशीनचा स्पर्श, मग एकच नख. मध्येच त्याने भीतीने ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली की थांबायचं आणि एक पायरी मागे यायचं. म्हणजे तीन आठवडे तरी हवेत.

तिसऱ्या दिवशी मी त्याचा पंजा घट्ट धरला. त्याने जांभई दिली. मी बघितली, आणि तरी मशीन लावलं. तो गुरगुरला तेवढा भाग कापून टाकला. 'सशुल्क जाहिरात' ही पाटी मात्र इमानाने लावली. दोन दिवसांत अनुषाच्या दुप्पट लोकांनी तो व्हिडिओ बघितला, आणि मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

तेव्हापासून कडलै माझ्या हातून चिकनही घेईना. मी खोलीत आले की तो खाटेखाली.

आठवडाभर वाट बघितली आणि शेवटी नाक मुठीत धरून अनुषाला बोलावलं. ती खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसली, तळहात उघडा ठेवून. त्याला हाक मारली नाही, ओढलं नाही. अशा चार संध्याकाळी आली. पाचव्या संध्याकाळी कडलै बाहेर आला आणि आपणहून तिच्या हातावर पंजा ठेवला.

"अक्का, तो व्हिडिओ काढून टाक," ती हळूच म्हणाली.

"कालच काढला. पैसेही परत पाठवले."

"बरं केलंस. आता तू बस इथे."

ती बाजूला सरकली. मी बसले, तिच्यासारखाच हात उघडा ठेवला. कडलैने माझा हात लांबून हुंगला, आणि जाऊन तिच्या मागे उभा राहिला.

कंपन्या तिला लखलाभ. तो पंजा माझा होता.