काशीच्या डोक्यावरची ट्यूब

माझी बायको काशी गेल्यावर मी खोडाळ्याच्या शिलाई केंद्रात पाय ठेवला नव्हता. केंद्र तिनेच सुरू केलं होतं, आधी एका मशीनवर. मग बायका येत गेल्या आणि मशिनी वाढत गेल्या. वायरिंग सगळं माझंच. मी आयुष्यभर वायरमनचंच काम केलं.

पावसाळा संपता संपता हर्षदाचा फोन आला. काशीनंतर केंद्र तीच बघते.

"काका, सुकरीमावशीचं काय करू? कॉलर परत आल्या पुन्हा. टीप घसरलीय सगळीकडे."

"मग मला कशाला सांगतेस? मी काय शिंपी आहे?"

"मावशी म्हणते उजेड नाही. बाकीच्या म्हणतात डोळे गेले. सोमवारी आश्रमशाळेचे गणवेश तपासायला माणूस येतोय. या खेपेलाही तिचे कपडे परत आले तर तिला काज-बटणावर बसवावं लागेल."

सुकरी काशीची मैत्रीण. दोघी एकदमच मशीन शिकल्या. मशीन काढून तिला बटणं लावायला बसवणार, हे मला पटेना. मी गेलो.

खोली चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद, वर पत्रा. मधोमध मशिनींची एकच रांग. एका टोकाला, खिडकीच्या भिंतीला टेकून काशीचं मशीन. दुसऱ्या टोकाला, समोरच्या भिंतीला टेकून सुकरीचं. दोघींची तोंडं आपापल्या भिंतीकडे. मधल्या चौघी दोन-दोन करून समोरासमोर, म्हणजे गप्पा मारता येतात. काशीच्या मशीनवर कापड झाकलेलं होतं. तिथे कुणी बसत नाही.

मी सुकरीजवळ गेलो तशी ती उठून बाजूला उभी राहिली. मी मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप उघडलं. ॲपचा आकडा अगदी बरोबर नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना करता येते. फोन सुईजवळ ठेवला. चारशेच्या आसपास लक्स. मग मधल्या मशिनींवर गेलो. मी जवळ गेलो की तिथली बाई उठायची, मी फोन ठेवायचो. पाचशेच्या थोडं वर.

शिवणकामाला पाचशे तरी हवेत, गडद कापडाला त्याहून जास्त बरे. गणवेशाचं कापड गडद निळं, दोराही निळा. सुकरीकडे जरा कमी होतं. पण चारशेमध्ये टीप दिसू नये?

"डोळे दाखवलेस का?" मी सुकरीला विचारलं.

"दाखवले ना जव्हारला. चष्मा नवा हाय. डाक्तर बोलला, नजर चांगली हाय तुझी."

"मग दिसत का नाही?"

"मला काय विचारतोस? वायरमन तू का मी?"

योगिता मागून हसली. मधल्या मशिनींवर बसणारी, तोंडाने तिखट. "काका, मावशीला घरी चूल दिसते, शेजारणीची नवी साडी दिसते. कॉलरच तेवढी दिसत नाही."

"तू गप बस गं," सुकरी म्हणाली. पण ती हसली नाही.

मी ट्यूबची उंची मोजली. ती मी आधीच बरोबर धरली होती. पत्रा फार वर आहे म्हणून जोडट्यूब पत्र्याखालच्या पाईपातून साखळीने खाली घेतलेल्या, मशीनच्या टेबलापासून पाच फूट. अंतर ठरवताना उंची टेबलापासून धरायची, जमिनीपासून नाही. पाच फुटांना दोन ट्यूबमध्ये सहा फूट अंतर चालतं, फार तर सात. माझ्या ट्यूब सहा-सहा फुटांवरच होत्या. भिंतीही पांढऱ्या. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

घरी आलो. भात टाकला तो दोघांचा टाकला. हे अजून होतं. जेवताना डोक्यात तेच चालू होतं. आकडा म्हणतो दिसायला हवं, डॉक्टर म्हणतो दिसायला हवं, सुकरी म्हणते दिसत नाही. काशी असती तर तिला विचारलं असतं. तिला आकड्यातलं काही कळायचं नाही, पण सुकरी खोटं बोलते की नाही हे कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. सुकरी पुन्हा उठली. हातातली कॉलर तशीच सुईखाली अडकली होती आणि दोरा तुटलेला.

"ओवून दे तेवढा," ती म्हणाली.

काशीलाही मीच ओवून द्यायचो कधी कधी. मी सुकरीच्या स्टुलावर बसलो, वाकलो, आणि मला सुईचं भोक दिसेना. मी मान वर केली. पुन्हा वाकलो. सुईवर काळं काहीतरी येत होतं. मला वाटलं माझेही डोळे गेले.

"डोकं काढ की तुझं मधून," सुकरी म्हणाली.

मी डोकं बाजूला घेतलं. सुई दिसली. डोकं परत आणलं. सुई गेली.

बसल्या बसल्याच मी फोन सुईखाली ठेवला. शंभराच्या जवळपास.

मी दोन दिवस उजेड मोजत होतो तो रिकाम्या स्टुलासमोरचा. मी आलो की बाया मानाने उठत होत्या आणि आपली सावली सोबत घेऊन जात होत्या.

मधल्या बायांना पुढून-मागून दोन्हीकडून उजेड होता, त्यांना फरक पडत नव्हता. सुकरीच्या पुढे भिंत. तिची ट्यूब तिच्या पाठीमागे, भिंतीपासून पाच फुटांवर. खरं तर भिंतीपासून अंतर दोन ट्यूबमधल्या अंतराच्या निम्मं हवं, म्हणजे तीन फूट. मग एवढं कसं चुकलं? मी टेप लावली. पाच. पुन्हा लावली. पाचच.

मग खिडकीकडून मोजायला गेलो आणि काशीच्या मशीनपाशी थांबलो. तिची ट्यूब भिंतीपासून एका फुटावर, बरोबर सुईच्या वर. केंद्रात एकटं तिचंच मशीन होतं तेव्हा तिने सांगितलं होतं, इथेच लाव. पुढच्या सगळ्या ट्यूब मी तिच्यापासून सहा-सहा फूट मोजत नेल्या. उरलेलं अंतर सुकरीच्या वाट्याला आलं.

"एक ट्यूब वाढवा ना तिकडे," हर्षदा म्हणाली.

"वाढवता येईल. पण इन्व्हर्टर पुरणार नाही, पंखे आहेत."

"नाहीतर नुसती शेवटचीच सरकवा."

"मग तिच्या आणि अलीकडच्या ट्यूबमध्ये आठ फूट होतील. मधे अंधार पडेल."

योगितासकट सगळ्या काशीच्या ट्यूबकडे बघत होत्या आणि मी बघितलं की दुसरीकडे बघत होत्या. रिकाम्या मशीनवर ती ट्यूब रोज जळत होती. हे सगळ्यांना माहीत होतं.

"राहू दे पुंजा," सुकरी म्हणाली. "मी बटणं लावते. बटणं दिसतात मला."

मला तिचा राग आला. का आला ते कळलं नाही. "बटणं लावायला शिकवलं होतं का काशीने तुला?" मी म्हणालो आणि शिडी मागवली.

सगळ्यात आधी मी काशीची ट्यूब काढली. हुक आणि साखळी दोन फूट आत घेतली. मग बाकीच्या सगळ्या दोन-दोन फूट सरकवल्या. भिंतीपासून तीन, मग नऊ, पंधरा, एकवीस. पलीकडच्या भिंतीपर्यंत पुन्हा तीन. जुनी भोकं पाईपात तशीच राहिली.

"आता कुणी उठायचं नाही," मी सांगितलं. "बसून राहा. शिवत राहा."

"काका, आम्हाला वाटलं तुम्ही पाहुणे," योगिता म्हणाली.

मी बसलेल्या बायांच्या हातांखाली फोन सरकवत मोजत गेलो. पाचशेच्या आगेमागे सगळीकडे. सुकरीकडे साडेचारशे, डोकं खाली वाकवूनही. तिने निळ्या कॉलरवर निळी टीप मारली, चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा बघितली. मग हर्षदाकडे फेकली.

"बघ. घसरली का सांग."

हर्षदाने कॉलर खिडकीशी नेली आणि तयार मालाच्या गठ्ठ्यावर ठेवली.

काशीचं मशीन राहिलं होतं. तिथेही मोजायला हवं होतं, नाहीतर काम अर्धं. पण बसलेलं कुणीतरी लागणार होतं. मी फोन हातात धरून उभा राहिलो.

सुकरी आपल्या मशीनवरून उठली, खोलीभर चालत आली, झाकलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि काशीच्या स्टुलावर बसली. वाकली, नेहमी वाकते तशी.

"मोज," ती म्हणाली.

मी फोन सुईखाली ठेवला. आकडा दिसत होता, पण वाचायला मला बराच वेळ लागला.