सगुणाबाईंचे आभार

भिकाजीपंतांचं ग्रहणांवरचं पुस्तक छापून आलं आणि आभाराचं पान वाचून सगळं कल्याण हसलं. पण ते अजून घडलेलंच नाही, असं धरून चालू.

ठाण्याच्या छापखान्यात मालक गोपीनाथ, भिकाजीपंतांनी स्वतःच लिहून आणलेला ग्रंथकर्त्याचा परिचय वाचत होते. "विद्यासागर, गणितभास्कर... पंत, एवढ्या मोठ्या माणसाला आभार मानायला कुणी उरलंय का?"

पंतांनी ओशाळून एकेक पदवी खोडली. उरलं ते एवढंच: 'कल्याणास शाळामास्तर. ग्रहण स्वतःसच उशिरा समजले.'

"हां, आता माणूस दिसला. मदत कुणाची झाली?"

"घरातून."

बायको चुलीपाशी बसून रोज लिहिलेलं ऐकायची. 'नाही कळलं' म्हणाली की पंत ते वाक्य पुन्हा लिहायचे. माघात ती गेली. शेवटचं प्रकरण तिनं ऐकलंच नाही.

"नाव काय घालू?"

लग्नातल्या उखाण्यानंतर पंतांनी बायकोचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. सूर्य-चंद्राची नावं मात्र रोज घेत. आज ते म्हणाले, "सगुणा." छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांचे हात थांबले.

आभाराच्या शेवटी छापलं गेलं: 'अखेरच्या प्रकरणात जे कळले नाही, ते सौ. सगुणाबाईंनी ग्रंथकर्त्यास सत्वर कळवावे, ही सविनय विनंती.'