वळवलेली मान

जन्नतखाला लॅपटॉप घेऊन तिसऱ्यांदा माझ्या मोबाइलच्या दुकानात आली. बोटीवर नोकरीला गेलेल्या तिच्या मुलाचा, गफूरचा, दोन महिने पत्ता नाही. त्याला पाठवणाऱ्या एजंटचा नंबर त्याच्या चॅटमध्ये होता आणि आयफोनचा बॅकअप या लॅपटॉपमध्ये.

“उघड ना रे, फैझान!”

“कसा उघडू? बॅकअप एन्क्रिप्टेड आहे, पासवर्डने कुलूपबंद. चॅटच्या डेटाबेसची किल्लीसुद्धा त्याच्या पासवर्डनेच बंद आहे. त्याशिवाय नुसता कचरा दिसतो, खाला!”

जन्मतारीख, होडीचं नाव, तिचं नाव, सगळं टाकून झालं.

“बॅकअप तूच करून दिलास ना?”

मीच. गिऱ्हाईक पासवर्ड टाकताना मान वळवायची, हा माझा मेला नियम. त्या दिवशी गफूर हसत म्हणाला होता, “बघ की, तुझ्यापासून काय लपवायचंय?”

मी बघितलं नाही.