तुम्हीच असाल

निवृत्त मुद्रितशोधकांची सकाळ ठरलेली असे. उठून खिडकी उघडायची, एकाच कपाचा चहा टाकायचा, चष्मा पुसायचा आणि परदेशी असलेल्या मुलीची मेल आली आहे का, ते फोनवर पाहायचे. बहुधा आलेली नसे. मग ते चहा गाळत.

यंत्रांनी धाडलेल्या मेल त्यांना सोसत नसत. ‘उत्तर देऊ नये’ अशा पत्त्यांवरून येणारे सारे काही वाचलेले समजून थेट संग्रहात जावे, असा नियम त्यांनी मेलच्या खात्याला लावून दिला होता. फोन वाजला तर माणसासाठीच वाजावा. नव्या ठिकाणाहून लॉगिन झाल्याच्या सूचनाही त्याच नियमाने गिळल्या. कुणी परका खात्यात शिरला आणि त्यांच्या नावाने मुलीला एक लिंक पाठवून मोकळा झाला. मजकुरात शुद्धलेखनाच्या चार चुका दिसताच तिने फोन केला.

“बाबा, सुरक्षेच्या पानावर जा. अनोळखी डिव्हाइस दिसतंय?”

“दिसतंय. कुठल्या कुठल्या गावचं. माझ्यापेक्षा माझं खातंच जास्त हिंडलंय.”

“चेष्टा पुरे. आधी त्याला साइन आउट करा, मग पासवर्ड बदला.”

तिने दुहेरी पडताळणी सुरू करून घेतली, मेल परस्पर दुसरीकडे जात नाहीत ना हे तपासायला लावले, तो नियम काढायला लावला. खाते अडलेच तर परत मिळवता यावे म्हणून रिकव्हरीसाठी स्वतःचा मेलचा पत्ता दिला. “आता नवीन लॉगिन झालं की तुम्हालाही कळेल, मलाही.”

खात्री म्हणून त्यांनी वाचनालयातल्या संगणकावरून लॉगिन केले. क्षणभरात तिचा फोन.

“तुम्हीच ना?”

“मीच.”

“नशीब. बरं, खोकला कसा आहे?” मग बोलणे बराच वेळ चालले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले. तो संगणक बंद करताच सारे विसरत असे, म्हणून दर वेळी नवा ठरे. तिचा फोन आला, थोडक्यात आटोपला. तिसऱ्या खेपेला नुसता संदेश: “तुम्हीच असाल. कामात आहे.”

तो संदेश त्यांनी कितीदा तरी वाचला. उद्या लॉगिन करणारे ते नसले, दुसराच कुणी असला, तरी ती हेच म्हणेल. तिने बांधून दिलेली घंटा त्यांनीच निकामी केली होती.

पुढच्या खेपेला वाचनालयात त्यांनी पत्ता टाइप केला. पासवर्डाच्या रकान्यापाशी बोटे थांबली.

“आजोबा, अडलंय का काही?” ग्रंथपाल बाईंनी विचारले.

“नाही हो. आज काम नाही.”

त्यांनी पत्ता पुसला, पान बंद केले. बाहेर पायरीवर बसून, तिकडे दुपारची सुट्टी झाली असेल असा हिशेब करून, त्यांनी मुलीला फोन लावला.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही,” ते म्हणाले. “बोलावंसं वाटलं.”