तेवीस तारखेपर्यंत

मुलीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. तोवर सगळे म्हणायचे, उशिरा बोलेल, बापावर गेलीय. बाप खरोखरच कमी बोलणारा होता, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. मग एक दिवस स्वयंपाकघरात कुकरचं झाकण दाणकन खाली पडलं, आणि पाठमोरी बसलेली पोर हललीसुद्धा नाही. तिच्या आईने झाकण उचललं, पुन्हा मुद्दाम पाडलं. पुन्हा पाडलं. मग ती तिथेच खाली बसली.

आई एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रोज सकाळी लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. हात इतका हलका की म्हातारी माणसं तिच्याच खुर्चीसमोर रांग लावत. घरी मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सतत काहीतरी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची.

मुंगीच्या दोन्ही कानांना यंत्रं लागली. पण यंत्राने आवाज येतो, भाषा येत नाही. ती शिकवावी लागते. अशी शिकवणारी शाळा त्यांच्या गावात नव्हती. मोठ्या शहरात एक होती. वर्गात आठच मुलं. आठवड्यातून तीन दिवस आईने किंवा वडिलांनी मुलासोबत वर्गात बसायचं, आणि तेच घरी करून घ्यायचं. सहा पूर्ण झालेल्या मुलाला त्या वर्गात घेत नसत. मुंगी साडेपाचची झाली होती.

दोन वर्षं यादीत नाव ठेवल्यावर शाळेचं पत्र आलं. जागा आहे. तेवीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत शहरातला पत्ता आणि संमतीपत्र द्यावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

मुंगीच्या आईच्या इस्पितळाचं मुख्य इस्पितळ त्याच शहरात होतं. बदलीचा अर्ज तिने चार महिन्यांपूर्वीच दिला होता. बदली झाली की नवरा गिरणीतली पाळी सोडून मागोमाग येणार होता. पण आधी निदान एक नोकरी तरी तिकडे पक्की हवी. दोन गावांत दोन बिऱ्हाडं चालवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

अर्जाचं मात्र हो नाही की नाही नाही.

"जाऊन बस त्यांच्या दारात," नवरा म्हणाला. "पोरीला घेऊन जा. यंत्रं दिसू देत."

"मुंगीला मी कुणाच्या टेबलावर मांडणार नाही."

"मग माझा मावसभाऊ आहे ना, त्याची विश्वस्तांशी ओळख आहे. एक फोन झाला तर..."

"तो फोन झाला तर दुसऱ्या कुणाची तरी बदली मागे पडेल. मला तसं नको. मी सरळ पत्र लिहिते."

पत्र तिने तीनदा लिहिलं. पहिल्यात मुलीचं फार होतं, ते फाडलं. दुसऱ्यात 'कृपया' सात वेळा आलं होतं. तिसरं असं झालं:

'माझ्या बदलीच्या अर्जाबाबत. माझ्या मुलीला शहरातील शाळेत मिळालेली जागा तेवीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. शाळेचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यापूर्वी निर्णय कळू शकला तर मला प्रवेश घेता येईल. निर्णय काहीही असला तरी मान्य असेल. तेवीसपूर्वी शक्य नसेल तर तेवढंच कळवावं, म्हणजे मला त्याप्रमाणे ठरवता येईल.'

नवऱ्याने वाचलं. "हे वाचून कुणी खुर्चीतून उठणार नाही," तो म्हणाला.

पण कुणीतरी उठलं. अठरा तारखेला सकाळचे नमुने यंत्रात लावत असताना तिला फोन आला. मुख्य इस्पितळातल्या आस्थापना विभागाच्या अधिकारी बाई स्वतः बोलत होत्या.

"तुमचं पत्र वाचलं," त्या म्हणाल्या. "लोक आरडाओरडा करतात नाहीतर रडतात. तुम्ही नुसती तारीख सांगितलीत. म्हणून मीही तुम्हाला स्पष्ट सांगते. चालेल?"

"सांगा ना मॅडम."

"बदली समिती पंचवीसला बसते. त्याआधी नाही. आज उत्तर मागितलंत तर मला आजची स्थिती बघावी लागेल, आणि आज तंत्रज्ञाचं एकही पद रिकामं नाही. म्हणजे नकार. तो नोंदला गेला की सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. थांबलात तर पंचवीसला तुमचं नाव इतर सहा जणांबरोबर समितीपुढे जाईल. तोवर पद रिकामं होईल का, मला माहीत नाही. आशा लावणार नाही."

"पण शाळेची तारीख तेवीस आहे."

"वाचलं मी. तुमच्या एकटीसाठी समिती आधी बोलावणं माझ्या हातात नाही. आणि असतं तरी त्या सहा जणांना मी काय सांगू? त्यातल्या एकीची आई अंथरुणाला खिळलीय."

मागे यंत्र घरघरत होतं.

"थांबते मी," मुंगीची आई म्हणाली.

"बरं. आणि जमलं तर शाळेत विचारून बघा."

तिने लगेच शाळेत फोन लावला. तिथले कारकून वयस्कर होते, सगळे त्यांना काका म्हणत. मुदत दोन दिवस वाढेल का, म्हणून तिने विचारलं. काकांनी मुख्याध्यापिकांना विचारून परत फोन केला. नाही. एकाला वाढवली की सगळ्यांना वाढवावी लागते, आणि वर्ग एक तारखेला सुरू होतो.

म्हणजे सगळं त्याच दिवशी कळलं होतं. समिती पंचवीसला, शाळा तेवीसला. यात कुठे फट नव्हती. पण माणसाचं मन हिशेबाने चालत नाही. अधिकारी बाईंचा आवाज मऊ होता, एवढ्यावर तिने घर बांधलं. कदाचित त्या काहीतरी करतील. कदाचित बावीसला फोन येईल.

एकोणीसला दुपारी आला तो काकांचाच.

"ताई, एक विचारायचं होतं. घाई करत नाही मी, तुमची तारीख तेवीसच आहे. पण यादीत तुमच्या खालोखाल ज्या बाई आहेत ना, त्यांचा फोन आला होता. त्यांच्या यजमानांना कंपनीने दोन गावं दिलीत, एक आपलं शहर आणि एक पार लांबचं. कुठलं घेणार ते एकवीसपर्यंत सांगायचंय. जागा मिळणार असेल तर ते इकडचं घेतील. त्या म्हणाल्या, आमच्या वरच्या नंबरच्यांचं ठरलं असेल तर कळवा, ठरलं नसेल तर राहू दे, त्यांना त्रास देऊ नका."

तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"त्यांचं मूल केवढं आहे?"

"मुलगा आहे. पाच वर्षं दहा महिने."

पुढचा वर्ग भरेपर्यंत तो सहाचा होणार होता. म्हणजे त्याला हेच एक वर्ष होतं. तसं मुंगीलाही हेच एक वर्ष होतं.

खरं उत्तर तिच्याजवळ होतं. 'माझा निर्णय पंचवीसच्या आत येणार नाही, जागा त्यांना द्या.' एवढं एक वाक्य. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा. मग तिला वाटलं, का? मला कुणी एक दिवस आधी दिला? मी नियमाने थांबले, सगळे नियमाने थांबलेत. मग माझेच पाच दिवस मी का सोडायचे?

"अजून ठरलं नाही काका," ती म्हणाली. "तेवीसपर्यंत वेळ आहे ना?"

"आहे आहे. तुमचा हक्कच आहे तो. मी सांगतो त्यांना."

त्या दुपारी तिच्या हातून एका म्हाताऱ्याची शीर दोनदा चुकली. त्याने दुसरा दंड पुढे केला.

वीसला तिने फोन हातात घेतला आणि ठेवला. एकवीसला सकाळी पुन्हा घेतला. समोर नमुन्यांची रांग होती. दुपारी करू म्हणाली. दुपारी केला नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर मुंगीने तिच्या पर्समधल्या सगळ्या वस्तू काढून एका ओळीत मांडल्या, मोबाइल सर्वांत शेवटी. तेव्हा कचेऱ्या बंद झाल्या होत्या.

बावीसला फोन आला नाही.

तेवीसला साडेचारला तिने काकांना सांगितलं, "आम्हाला जमत नाहीये. जागा सोडते."

"वाईट वाटलं ताई," काका म्हणाले आणि ते मनापासून बोलत होते.

"मग आता त्या खालच्या बाईंना कळवा. लगेच कळवा."

"त्यांनी एकवीसलाच नाव काढून घेतलं. लांबचं गाव घेतलं त्यांनी. तिकडे अशी शाळा नाही म्हणे, पण करतील काहीतरी. आता तिसऱ्या नंबरला सांगतो. तो चार वर्षांचा आहे, त्याला पुढच्या वर्षीही चाललं असतं."

"त्या बाई चिडल्या का?"

"छे हो. तुमच्याबद्दलच म्हणाल्या, त्यांचीही अडचण असेल. त्यांना काही निरोप द्यायचाय का? नंबर आहे माझ्याकडे."

द्यायचा तर काय द्यायचा? तारखेत बसणार नाही हे मला अठरालाच कळलं होतं, असा?

"नको," ती म्हणाली.

पंचवीसला समिती बसली. सव्वीसला अधिकारी बाईंचा फोन आला. एकच पद रिकामं झालं होतं, ते त्या आजारी आईच्या मुलीला मिळालं. तुमचं नाव यादीत आहे, असं त्या म्हणाल्या, आणि शाळेचं काय झालं तेही त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तर रागवायला जागा नव्हती. त्यांनी काही लपवलं नव्हतं.

घरी नवरा पहिल्या पाळीवरून येऊन आरशासमोर बसला होता. मांडीवर मुंगी. तो ओठ मिटून 'प' म्हणायचा, तिचा तळहात आपल्या तोंडासमोर धरायचा. हवा लागली की मुंगी हसायची. आवाज काढायची नाही, नुसती हसायची.

बदलीचं ऐकून त्याने मुंगीला खाली सोडलं. ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मावसभावाला फोन लावला असता तर ती आजारी आईवाली मागे राहिली असती. तूच बरोबर होतीस. आपल्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही, हे तरी आहे."

एकोणीसच्या फोनबद्दल तिने त्याला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हवं होतं. तो तिच्याकडे इतक्या अभिमानाने बघत होता, की तिने मान हलवली आणि मुंगीच्या कानातली यंत्रं नीट बसवण्याच्या निमित्ताने त्याच्याकडे पाठ केली.